पहाटेचं स्वप्न खरं होतं का?

"पहाटंचं सपान खरं होतंय म्हणतेत, डॉक्टरसाहेब. माझं तर झालं बी."

हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या बासष्ट वर्षांच्या मावशी माझ्यासमोर बसून हे सांगत होत्या. आल्या होत्या रक्तदाब तपासायला. गोळी रोज चालू असूनही दाब १७०/१०० होता, डोळे तांबारलेले आणि चेहरा ओढलेला. झोपेचं विचारलं तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तीन महिन्यांपूर्वी पहाटे साडेचारच्या सुमाराला त्यांना मोठ्या भावाचं वाईट स्वप्न पडलं आणि आठव्या दिवशी भाऊ गेला. त्यानंतर महिनाभराने पहाटेच दुसरं स्वप्न पडलं. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा मोटारसायकलसकट कॅनॉलमध्ये पडला होता. तेव्हापासून मावशी रात्री तीनलाच उठून बसतात. स्वप्न पडूच नये म्हणून. पाच वाजले की मुलाला फोन करतात आणि त्याचा आवाज ऐकल्याशिवाय चहा घेत नाहीत.

शिवाय एक टोचणी होती. "मला आधी कळलं होतं. तवाच सांगितलं असतं तर भाऊ वाचला असता."

अशी भीती आणि अशी टोचणी घेऊन येणारे पेशंट मला अधूनमधून भेटतात. कोणी पहाटेच्या स्वप्नामुळे ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलतं, कोणी प्रवास रद्द करतं. "असं काही नसतं" म्हणून त्यांना उडवून लावण्यात अर्थ नाही, कारण त्यांना आलेला अनुभव खरा असतो. स्वप्न पडलेलं असतं आणि घटनाही घडलेली असते. प्रश्न एवढाच की या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय. मावशींच्याच स्वप्नापासून सुरुवात करू.

पहाटेचंच स्वप्न का लक्षात राहतं?

आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड तासाचं एक आवर्तन असतं आणि रात्रीत अशी चार-पाच आवर्तनं होतात. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक टप्पा येतो, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, हातापायांचे स्नायू पूर्ण सैल पडतात आणि मेंदू मात्र जवळपास जागेपणाइतकाच कामात असतो. शिकागो विद्यापीठातले युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली याची पहिली नोंद प्रसिद्ध केली. याला 'रेम' झोप म्हणतात. लांबलचक, गोष्टीसारखी, रंगीत स्वप्नं प्रामुख्याने याच टप्प्यात पडतात.

रात्रीच्या पहिल्या आवर्तनात रेम झोप जेमतेम दहा मिनिटांची असते. रात्र सरते तशी ती वाढत जाते आणि पहाटेच्या आवर्तनात अर्ध्या तासावर जाते. दहाला झोपणाऱ्या माणसाची रात्रीतली सर्वांत लांब स्वप्नं त्यामुळे साडेतीन-चारनंतरच येतात. ती लांब असतात, त्यात भावना जास्त असतात.

दुसरं कारण आठवणीचं आहे. स्वप्न बघताना मेंदू त्याची पक्की नोंद ठेवत नाही. स्वप्न संपून पुन्हा गाढ झोप लागली तर सकाळी काहीच आठवत नाही, पण स्वप्न चालू असतानाच जाग आली तर बहुतेक वेळा ते सांगता येतं. आता आपल्या गावाकडची पहाट आठवा. कोंबडा आरवतो, गोठ्यातली म्हैस हंबरते, नळाला पाणी आलं म्हणून शेजारची घागर वाजते, उतारवयात लघवीलाही याच वेळी उठावं लागतं. म्हणजे रात्रीतलं सर्वांत मोठं स्वप्न आणि हमखास जाग येण्याची वेळ एकच! रात्री साडेअकराला पडलेलं स्वप्न असंच खरं झालं असतं, तरी ते तुम्हाला आठवलंच नसतं.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट हेरली होती, असं मला चरकसंहिता वाचताना वाटतं. तिच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींची स्वप्नं, असे पहिले पाच प्रकार तिथे निष्फळ म्हणून बाजूला काढले आहेत. म्हणजे बहुतेक स्वप्नं दिवसभराच्या मनातूनच येतात, हे त्या वैद्यांनाही मान्य होतं. त्याच ठिकाणी असंही म्हटलं आहे की पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ थोडं, आणि ज्या स्वप्नानंतर पुन्हा झोप लागत नाही त्याचं फळ मोठं. फळाचं राहू द्या, पण ज्या स्वप्नानंतर झोप लागत नाही तेच लक्षात राहतं, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. घरातली म्हातारी माणसं वाईट स्वप्नानंतर पुन्हा झोपायला सांगतात आणि चांगल्या स्वप्नानंतर जागं राहायला. त्याचाही परिणाम तोच होतो. वाईट स्वप्न पुसलं जातं, चांगलं टिकतं.

मावशींना आधी काय माहीत होतं

मी मावशींना स्वप्न जसं दिसलं तसं, पहिल्यापासून सांगायला लावलं. घरच्यांना माहीत असलेली गोष्ट "मावशींनी भाऊ मेलेला बघितला" अशी होती. प्रत्यक्ष स्वप्नात भाऊ मेलेला नव्हताच. तो कयाधूच्या पलीकडच्या काठाला पांढऱ्या धोतरात उभा होता, मावशी हाका मारत होत्या आणि तो वळून बघत नव्हता. बस, एवढंच. भाऊ गेल्यानंतर त्या पांढऱ्या धोतराचा आणि नदीचा अर्थ लागला, आणि सांगता सांगता "वळून बघत नव्हता"चं "मेला होता" झालं. यात मावशी खोटं बोलत नव्हत्या. आठवण ही फोटोसारखी नसते. दरवेळी सांगताना ती नव्याने रचली जाते, आणि पुढे काय घडलं हे कळल्यावर तर त्या घटनेच्या मापानेच रचली जाते.

मग भावाच्या तब्येतीचं विचारलं. त्यांचं हृदय दोन वर्षांपासून कमजोर होतं. वर्षभरात दोनदा ॲडमिट झाले होते. स्वप्नाच्या चार दिवस आधी मावशी त्यांना भेटून आल्या होत्या. तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले होते, आडवं झालं की दम लागत होता म्हणून ते भिंतीला टेकून बसूनच झोपत होते, आणि दोन घास खाऊन ताट सारत होते. हृदय निकामी होत चाललेल्या माणसाची ही शेवटच्या टप्प्याची लक्षणं आहेत. डॉक्टरने ती पाहिली असती तर नातेवाइकांना बाजूला घेऊन "दिवस कठीण आहेत" असं सांगितलं असतं. मावशींना त्यातलं वैद्यक माहीत नव्हतं, पण त्यांनी आधी सासरे आणि नंतर नवरा असाच जाताना पाहिला होता. मनात जे उमगलं होतं ते दिवसा बोलायची हिंमत नव्हती. रात्री ते नदीपलीकडे जाऊन उभं राहिलं.

म्हणून टोचणीचं उत्तर देणं सोपं होतं. स्वप्नाने त्यांना असं काहीही सांगितलं नव्हतं, जे भावाच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. उपचार चालू होते. स्वप्न सांगितलं असतं तरी औषधाची एक गोळीही बदलली नसती.

पण काहीच माहीत नसताना स्वप्न जुळलं तर?

तसंही होतं. धडधाकट माणसाचं स्वप्न पडतं आणि आठवड्यात तो जातो. इथे थोडा हिशेब करावा लागेल, पण बेरीज-गुणाकारापलीकडचा नाही.

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्यातली मोठी माणसं ७ लाख धरू. समजा, प्रत्येकाला पाच वर्षांतून फक्त एकदा घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाचं मरणाचं स्वप्न पडतं आणि आठवतं. हा आकडा मी मुद्दाम कमी धरला आहे. तरी वर्षाला अशी १ लाख ४० हजार स्वप्नं झाली. आता सत्तरी ओलांडलेल्या शंभर माणसांपैकी वर्षाला पाच जण जातात असं धरा. मग अशा एखाद्या माणसाचा मृत्यू कुठल्याही ठरावीक दहा दिवसांत येण्याची शक्यता साधारण ७३० त एक येते. १ लाख ४० हजाराला ७३० ने भागलं तर उत्तर येतं १९०.

म्हणजे स्वप्नात कसलीही शक्ती नसली, सगळा निव्वळ योगायोग असला, तरी आपल्या एका जिल्ह्यात वर्षाला दीड-दोनशे माणसांना "मी स्वप्नात पाहिलं आणि दहा दिवसांत तसंच झालं" असा अनुभव यायलाच हवा. माझे आकडे थोडे चुकले तर १९० चे १०० होतील किंवा ३०० होतील, पण शून्य होणार नाहीत. हे दीड-दोनशे जण ती गोष्ट तेराव्याला सांगतात, पुढे वीस वर्षं सांगतात. उरलेल्या १ लाख ३९ हजार ८०० जणांच्या स्वप्नानंतर काहीच झालं नाही, आणि "मला काकांचं वाईट स्वप्न पडलं होतं, काका मजेत आहेत" ही गोष्ट पारावर बसून कोणी सांगत नाही.

त्यात आपले नियमही सैल आहेत. स्वप्नात कोणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढतं असं आपल्याकडे म्हणतात, आणि पहाटेचं स्वप्न खरं होतं असंही म्हणतात. माणूस गेला तर दुसरा नियम खरा ठरतो, वाचला तर पहिला. स्वप्नात लग्न दिसणं वाईट, रडणं चांगलं. कुठलीही घटना घडली तरी लागू पडणारा एखादा नियम तयारच असतो. जे कधी चुकूच शकत नाही, ते काही सांगतही नसतं.

स्वप्न खरं होतं की नाही हे तपासायचं असेल तर ते घटना घडण्याच्या आधी लिहून घ्यावं लागतं. असा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. मार्च १९३२ मध्ये प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाला घरातून पळवून नेलं. देशभर खळबळ उडाली. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हेन्री मरे आणि त्यांचे सहकारी व्हीलर यांनी वर्तमानपत्रातून आवाहन करून लोकांकडून या मुलाविषयी पडलेली स्वप्नं मागवली. तेराशेहून अधिक स्वप्नं आली. मे महिन्यात मुलाचा मृतदेह जंगलात, झाडांमध्ये उथळ पुरलेला सापडला. मग सगळी स्वप्नं ताडून पाहिली. मूल मेलेलं दिसलं होतं अशी स्वप्नं शंभरात पाचच्या आसपास होती. मृत्यू, पुरलेलं असणं आणि झाडी या तिन्ही गोष्टी होत्या अशी स्वप्नं फक्त चार. तेराशेपैकी चार! त्या चौघांपैकी एखादा आपल्या शेजारी राहत असता तर आपण नक्की म्हटलं असतं की याला आधीच दिसलं होतं.

मावशींची वही

मी मावशींना हिशेब सांगत बसलो नाही. त्यांच्या नातवाला, तो नववीत होता, एक काम दिलं. आजी उठली की दात घासायच्याही आधी तिचं स्वप्न वहीत लिहायचं. तारीख, वेळ, काय दिसलं, आणि आजीच्या मते त्यामुळे काय होणार व किती दिवसांत. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा आणि मुदत संपल्यावर भरायचा. मावशींना एकच अट घातली की लिहिलेलं नंतर खोडायचं नाही.

सहा आठवड्यांनी वही आली. २३ स्वप्नं होती. त्यात ९ मुलाची. अपघात, ताप, हरवणं, एकदा मुलाला साप चावला. नऊच्या नऊ रकान्यांत नातवाने "काका बरे आहेत" असं लिहिलं होतं. एक स्वप्न मात्र जुळलं. मावशींना माहेरची गाय दिसली आणि त्यांनी पाहुणे येणार असं सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी भाची आली. नातवाने कंसात टीप दिली होती की आत्याचा फोन आदल्या रविवारीच येऊन गेला होता.

मावशी वही बघून हसल्या. वहीचा खरा उपयोग मला दुसराच झाला. मुलाचं स्वप्न बहुतेक त्या रात्री पडलेलं होतं, ज्या दिवशी मावशींचं त्याच्याशी बोलणं झालं नव्हतं किंवा टीव्हीवर अपघाताची बातमी होती. काळजी आधी आणि स्वप्न नंतर, हा क्रम त्यांच्याच वहीत त्यांना दिसला. तीनला उठणंही त्रासाला कारण झालं होतं. झोप तोडली की पुढच्या रात्री रेम झोप जास्त जोराने येते आणि स्वप्नं आणखी ठळक होतात.

पुन्हा पुन्हा पडणाऱ्या कॅनॉलच्या स्वप्नासाठी एक साधी पद्धत वापरली. दिवसाउजेडी बसायचं आणि त्या स्वप्नाचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. मावशींनी ठरवलं की गाडी कॅनॉलच्या अलीकडेच थांबते आणि मुलगा उतरून त्यांच्याशी बोलतो. ही बदललेली गोष्ट रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायची. वारंवार पडणाऱ्या भीतिदायक स्वप्नांसाठी जगभर वापरला जाणारा हा उपचार आहे. महिन्याभरात मावशी पाचपर्यंत झोपू लागल्या. रक्तदाब १४०/८६ वर आला, गोळी तीच.

आमच्या नर्सीचे नामदेव महाराज विठ्ठलाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि त्यांना अभंगरचना करायला सांगितलं, असं वारकरी परंपरेत मानतात. मावशींनी मला हे विचारलंच, की ते पण खोटं का? मी म्हणालो, ते स्वप्न पुढे काय होणार हे सांगणारं नव्हतं, काय करायचं ते सांगणारं होतं. आणि ते खरं झालं, कारण तुकोबांनी उठून अभंग लिहिले.

ज्या स्वप्नांसाठी दवाखान्यात यायलाच हवं

स्वप्नं भविष्य सांगत नाहीत, पण त्या क्षणी शरीरात चाललेल्या गोष्टी त्यांत उतरतात. म्हणून काही स्वप्नांकडे डॉक्टर म्हणून मी गांभीर्याने बघतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या माणसाला पहाटे भयानक स्वप्न पडून जाग आली, कपडे घामाने भिजलेले असले, हात थरथरत असले किंवा सकाळी डोकं दुखत असलं, तर आधी ग्लुकोमीटरने साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर नसेल तर वाट न बघता साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ ला फोन करा. साखर सावरली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्या.

कोणी गळा दाबतंय, विहिरीत बुडतोय अशी स्वप्नं वारंवार पडत असतील, सोबत मोठं घोरणं आणि दिवसा पेंग असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार तपासावा लागतो. रेम झोपेत घशाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून हा त्रास पहाटे वाढतो. रक्तदाबाच्या किंवा कंप कमी करण्याच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉलने, वाईट स्वप्नं पडू शकतात. गोळी नवीन सुरू झाल्यावर स्वप्नं सुरू झाली असतील तर तसं सांगा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. आणि पहाटे छातीत दाब येऊन, घाम येऊन जाग आली तर स्वप्नाचा अर्थ काढत बसू नका. लगेच निघा आणि ईसीजी काढा.

एक प्रकार मात्र असा आहे की ज्याला पुढची सूचना म्हणता येईल. रेम झोपेत हातपाय सैल असतात म्हणून आपण स्वप्नात पळतो तेव्हा अंथरुणातून पळत नाही. काही जणांत, बहुतेक वेळा पन्नाशीनंतर, हे कुलूप निकामी होतं. माणूस झोपेत ओरडतो, ठोसे मारतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लागतं. उठवलं की सांगतो, कुत्रा अंगावर आला होता. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं. पण गोळ्यांशिवाय असेल तर पुढे पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होण्याचा धोका बराच असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या झोपतज्ज्ञांच्या बाराशेहून अधिक पेशंटच्या अभ्यासात असे आजार बारा वर्षांत जवळपास पाऊण लोकांना होण्याचा अंदाज निघाला. अशा माणसाच्या अंथरुणाजवळून विळा, कंदील, काचेचं सामान आधी हलवा, त्याला खाली गादीवर झोपवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. येताना एक-दोन रात्रींचा मोबाईलवरचा व्हिडिओ आणलात तर निदानाला फार मदत होते.